बंद फ्लॅटलाही पूर्ण मेंटेनन्स का? सेक्रेटरीने लावायची नोटीस

प्रश्न: रत्नागिरीतल्या एका सोसायटीचा मी नवीन सेक्रेटरी, म्हणजे कोणी तयार होईना म्हणून गळ्यात पडलंय. २४ फ्लॅट, अर्धे वन बीएचके अर्धे टू, खाली पार्किंग, वर चार मजले, एक लिफ्ट, बिल्डिंग २००९ ची. सरसकट १,२०० मेंटेनन्स, उन्हाळ्यात टँकरची वर्गणी वेगळी. आता बाहेरच्या प्लास्टर-पेंटचं ९ लाख ६० हजारांचं कोटेशन आलंय आणि खात्यात काही नाही. कमिटीने पुढच्या महिन्यापासून सरसकट २,२०० ठरवले तर ग्रुपवर शिमगा सुरू झाला. ९ फ्लॅट बंद असतात, ते मुंबईवाले म्हणतात आम्ही गणपतीत दहा दिवस येणार, अर्धंच घ्या. पहिल्या मजल्यावाले म्हणतात लिफ्टचे पैसे काढा. सगळ्यांचं एकच, पैसे जातात कुठे ते नोटीस लावून सांगा. कशी लिहू? जमाखर्चाचा फोटो सोबत जोडलाय.

उत्तर: ती २,२०० ची नोटीस लावली असेल तर आज संध्याकाळी जाऊन काढा, नसेल लावली तर उत्तमच. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड किती घ्यायचा हे जनरल बॉडी ठरवते, कमिटी नाही, उपविधीत स्पष्ट लिहिलंय. उद्या एखादा मुंबईवाला वकिलाला घेऊन बसला तर तुमची नोटीस पाच मिनिटं टिकणार नाही. दुसरं म्हणजे सरसकट आकडा. आपल्याकडे सगळ्या सोसायट्यांत हेच चालतं कारण हिशोब सोपा पडतो, पण उपविधी प्रत्येक खर्चाची वाटणी वेगवेगळी करायला सांगतात, काही खर्च फ्लॅटमागे समान, पाणी नळांच्या संख्येवर आणि साइजवर, आणि दोन्ही फंड फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर. सगळं सरसकट केलं की वन बीएचकेवाला मरतो आणि सगळं स्क्वेअर फुटावर केलं की टू बीएचकेवाला ओरडतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

फोटोत वर को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी असं छापलेलं दिसलं म्हणून हे सांगतोय हां. कोकणात बऱ्याच बिल्डिंगा बोलायला सोसायटी असतात पण कागदावर अपार्टमेंट, म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली डीड ऑफ डिक्लरेशन झालेल्या. तिथे सामाईक खर्च डिक्लरेशनमध्ये प्रत्येकाचा जो टक्का लिहिलाय त्याप्रमाणे वाटला जातो आणि खालचं गणित तसंच्या तसं लागू होत नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला नक्की माहीत नसेल तर आधी कपाटातला तो कागद काढून बघा.

आता तुमचा जमाखर्च. महिन्याला १,२०० गुणिले २४ म्हणजे २८,८०० जमा. वॉचमन, झाडलोट, कॉमन लाइट, लिफ्टचं एएमसी आणि ऑडिट-बिडिट मिळून २७,००० जातात. नगरपरिषदेचं पाणी आणि टँकर वर्षाचे ५७,६००, म्हणजे महिन्याला सरासरी ४,८००. झाले ३१,८००. दर महिन्याला ३,००० ची तूट, वर्षाला ३६,०००, आणि बरोबर तेवढीच रक्कम तुम्ही दर मे महिन्यात फ्लॅटमागे १,५०० टँकर वर्गणी म्हणून गोळा करता. म्हणजे लोकांना वाटतं मेंटेनन्स १,२०० आहे, खरं तर तो आत्ताच १,३२५ आहे, फक्त १२५ रुपये मागच्या दाराने घेतले जातात. आणि एवढं करून बिल्डिंगसाठी शिल्लक शून्य. इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांनी फक्त चालू खर्च भरलाय, इमारतीचा एक रुपया भरलेला नाही. नोटिशीतली मुख्य गोष्ट ही आहे, पण ती सेक्रेटरीने टोमणा मारायच्या सुरात लिहिली की भांडण, म्हणून जपून.

त्याआधी त्या कोटेशनबद्दल बोलतो, कारण माझा स्वतःचा हात इथे पोळलाय. आमची बिल्डिंग पण समुद्राकडे तोंड करून. पंधरा वर्षं आम्ही आठशे रुपये घेत होतो आणि मोठ्या खुशीत होतो की बघा आमचा मेंटेनन्स गावात सगळ्यात कमी. मग एका जुलैत तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीखालचा पोपडा सुटला आणि खाली लावलेल्या स्कूटरच्या सीटवर पडला, परातीएवढा तुकडा, स्कूटरवर कोणी नव्हतं हे नशीब. घाईघाईत वर्गणी काढली, एका काँट्रॅक्टरने दोन दिवसांत सिमेंट थापून वर रंग मारून दिला, चकाचक. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तोच तुकडा त्याच जागेवरून पुन्हा खाली, आणि या वेळी सळई उघडी पडली ती बोटाने चोळली तर पापुद्रे निघत होते.

कारण साधं आहे. खारी हवा ओलीबरोबर काँक्रीटमध्ये आत आत जाते, सळईला काँक्रीटने जे संरक्षण दिलेलं असतं ते मीठ मोडतं आणि सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून काँक्रीटला ढकलतो. पहिल्यांदा सळईच्या रेषेत सरळ केसासारखी चीर दिसते, मग त्या चिरेतून तांबूस ओघळ येतो, मग तिथे हातोडीच्या दांड्याने टकटक केलं तर बाजूच्या भिंतीसारखा भरीव आवाज न येता पोकळ, बद्द आवाज येतो. हे सगळं बहुतेक वेळा पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या बाजूला आधी, जिकडून पाऊस झोडपतो. या स्टेजला वरून प्लास्टर म्हणजे तापावर पावडर लावण्यासारखं आहे. सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडायला लागतं, सळई घासून लखलखीत करायची, गंजरोधक कोट, जुन्या-नव्याचा बाँड धरायला कोट, मग पॉलिमर मॉर्टर, आणि सळई फारच बारीक झाली असेल तर जोडीला नवीन सळई. तेव्हा तुमचं ९ लाख ६० हजारांचं कोटेशन उघडून बघा त्यात हे सळईचं काम आहे की नुसतं 'प्लास्टर पॅच वर्क अँड टू कोट पेंट' एवढंच लिहिलंय. दुसरं असेल तर सध्या सही करू नका. तुमच्या बिल्डिंगला १५ वर्षं होऊन गेली, म्हणजे उपविधीप्रमाणे दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायलाच हवं (तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी). आधी ऑडिट, त्यात इंजिनिअर सांगेल कुठे किती फोडायचं, मग त्या मोजमापावर तीन जणांकडून कोटेशन. उलट्या क्रमाने केलं की पैसे दोनदा जातात, आमचे गेले.

आणि हे ९ लाख ६० हजार महिन्याच्या मेंटेनन्समध्ये कोंबायला जाऊ नका. ती वेगळी वर्गणी, जनरल बॉडीत वेगळा ठराव, हप्ते पाडून, पावतीवर पण वेगळी लाइन. मेंटेनन्स म्हणजे पुढच्या वेळी ही वेळ येऊ नये त्याची तरतूद.

आता नोटीस. मी लिहून देतोय, आकडे तुमच्या फोटोवरूनच घेतलेत. फक्त एक गोष्ट मी गृहीत धरली ती तपासा, वन बीएचकेचा बांधकाम खर्च ९ लाख आणि टूचा साडेतेरा लाख. इथे जमिनीची किंमत वगळून, बिल्डिंग बांधताना आलेला आणि आर्किटेक्टने सर्टिफाय केलेला खर्च लागतो, आजचा भाव नाही आणि तुमच्या ॲग्रीमेंटची किंमत पण नाही, ही चूक बरेच जण करतात. सर्टिफिकेट नसेल तर आर्किटेक्टकडून करून घ्या. नळ मोजताना सगळे अर्धा इंची आहेत, वनमध्ये तीन आणि टूमध्ये पाच, असं तुमच्या कागदावर होतं, पण कोणी मागच्या बाल्कनीत गुपचूप वाढवलेत का तेही बघून घ्या, निघतातच.

*सर्व सभासदांस,*

*नमस्कार. मेंटेनन्सचे पैसे जातात कुठे असं बऱ्याच जणांनी विचारलं, विचारायलाच पाहिजे. खाली आपल्याच मागच्या वर्षीच्या खर्चावरून हिशोब मांडलाय. हा अजून लागू केलेला नाही, जनरल बॉडीपुढे ठेवायचा आहे.*

*पहिला भाग सगळ्यांना सारखा. वॉचमनचा पगार ११,००० आणि जिने-पार्किंग झाडणाऱ्या मावशींचा ४,६००, मिळून १५,६००, फ्लॅटमागे ६५०. कॉमन मीटरचं बिल सरासरी ६,०००, त्यात जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप आणि लिफ्ट तिन्ही आले, फ्लॅटमागे २५०. लिफ्टचं एएमसी वर्षाला ३६,०००, महिन्याला फ्लॅटमागे १२५. ऑडिट, हिशोब लिहिणं, छपाई, बँक, मीटिंगचा खर्च मिळून २,४००, फ्लॅटमागे १००. एकूण १,१२५. इथे फ्लॅट लहान-मोठा बघितला जात नाही कारण वॉचमन टू बीएचकेची राखण जास्त करत नाही.*

*दुसरा भाग पाणी. नगरपरिषदेचं बिल २१,६०० आणि एप्रिल-मेचे २४ टँकर दर १,५०० प्रमाणे ३६,०००, वर्षाचे ५७,६००, महिन्याला ४,८००. सगळ्या फ्लॅटचे मिळून ९६ नळ आहेत, म्हणजे नळामागे ५० रुपये. वन बीएचकेला १५०, टूला २५०. हा आकडा धरल्यावर मे महिन्यातली टँकरची वेगळी वर्गणी बंद होईल.*

*तिसरा भाग बिल्डिंगसाठी, जो आपण आजवर भरलेला नाही. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला कमीत कमी पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड कमीत कमी पाव टक्का घ्यावा असा उपविधी आहे. दोन्ही मिळून एक टक्का. वन बीएचकेचे वर्षाला ९,०००, महिन्याला ७५०. टूचे वर्षाला १३,५००, महिन्याला १,१२५. यातून दरवर्षी दुरुस्ती निधीत २,०२,५०० आणि सिंकिंग फंडात ६७,५०० जमा होतील. दुरुस्ती निधी हा रंग, गळती, गच्चीवरची शेड, पंप, गटारं यासाठी. सिंकिंग फंड मोडायचा नाही, तो बँकेत वेगळा ठेवायचा आणि जनरल बॉडीचा ठराव व आर्किटेक्टचा दाखला असेल तरच मोठ्या दुरुस्तीला किंवा पुनर्बांधणीला वापरायचा. त्यातून रंग काढता येणार नाही.*

*म्हणजे वन बीएचकेला महिना २,०२५ आणि टू बीएचकेला २,५००. घरपट्टी यात नाही, ती प्रत्येकाने आपापली नगरपरिषदेत भरायची आहे.*

*ज्यांचे फ्लॅट बंद असतात त्यांच्यासाठी. आपले ९ फ्लॅट वर्षभर बंद राहिले तर वॉचमनचा पगार कमी होत नाही, जिना झाडायचा राहत नाही, लिफ्टचं एएमसी तेवढंच आणि भिंतीवर पडणारा पाऊसही तेवढाच. बंद फ्लॅटला समान खर्च अर्धा केला तर उरलेल्या १५ जणांना प्रत्येकी महिना सुमारे ३३७ रुपये जास्त पडतील. गावच्या घराला कुलूप असलं तरी ग्रामदेवतेची वर्गणी उंबऱ्यामागे पाठवतोच आपण, तसंच हे. बंद फ्लॅटचं वाचतं ते फक्त पाणी, तेही महिना १५० किंवा २५० मधलं. ते वापराप्रमाणे हवं असेल तर प्रत्येक फ्लॅटला पाण्याचं मीटर बसवायचा प्रस्ताव जनरल बॉडीत आणावा, कमिटीची ना नाही.*

*लिफ्टबद्दल. ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सर्व सभासदांनी तिचा खर्च समान भरायचा, वापरो न वापरो, असा उपविधी आहे. पहिल्या मजल्यालाही तो लागू आहे.*

*ज्यांनी फ्लॅट भाड्याने दिलाय त्यांना बिनभोगवटा शुल्क लागेल. ते सेवा शुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के घेता येतं, आपण पगार आणि ऑफिस खर्च मिळून ७५० च्या १० टक्के, म्हणजे महिना ७५ रुपये धरलेत. बंद फ्लॅटला किंवा घरची जवळची माणसं राहत असतील तिथे हे शुल्क नाही.*

*बिलं आणि पासबुक दर रविवारी सकाळी १० ते ११ ऑफिसमध्ये बघायला मिळतील.*

*सेक्रेटरी*

झाली नोटीस. यात मी मुद्दाम एक गोष्ट घातली नाही ती तुम्ही तोंडी सांगा, विशेषतः मुंबईवाल्यांना. बंद फ्लॅट सोसायटीला स्वस्त पडत नाही, बरेचदा महाग पडतो. बाल्कनीच्या जाळीत आंब्याची पानं अडकतात, पहिल्या चार सरींत तिथे तळं होतं, दार बंद म्हणून कोणाला पत्ता नाही, पाणी मुरतं खालच्या माणसाच्या हॉलच्या स्लॅबमध्ये. तो येतो तुमच्याकडे, तुम्ही फोन करता बोरिवलीला, ते म्हणतात गणपतीत येऊन बघतो, आणि गणपतीपर्यंत खालच्याच्या छताला बुरशी येऊन रंग गळायला लागलेला असतो. आमच्याकडे असा एक फ्लॅट आहे, त्याच्या खालच्या बाईंनी तीन वर्षांत दोनदा छत रंगवलं. म्हणून आता आम्ही नियम केला, बंद फ्लॅटची एक किल्ली शेजाऱ्याकडे, आणि आगोटीच्या आधी, म्हणजे मे संपता संपता, जाळ्या साफ केल्याचा फोटो ग्रुपवर. सुरुवातीला कुरकुर झाली पण गावच्या घराचं शाकारणीचं ज्याला माहीत आहे त्याला बंद घराची काळजी समजावून सांगावी लागत नाही, त्याला फक्त हे सांगावं लागतं की फ्लॅट पण घरच आहे.

नोटीस लावल्यावर कोणते प्रश्न येणार हे मी आत्ताच सांगतो. पहिला येईल टू बीएचकेवाल्यांचा, की आम्ही जास्त का. फरक फक्त ४७५ चा आहे, त्यातले १०० दोन जास्तीच्या नळांचे आणि ३७५ फंडांचे, बाकी सगळं सारखं. जास्त बांधकाम त्यांचंय, जास्त भिंत त्यांची आहे, आणि फंड सोसायटीच्या नावावर साठतो, कोणाच्या खिशात जात नाही. दुसरा प्रश्न, लिफ्टचा, तुम्हाला वाटतो त्यापेक्षा नाजूक आहे कारण पहिल्या मजल्यावर बहुधा म्हातारी माणसं आहेत आणि ती खरंच जिनाच वापरत असतील. त्यांना नियम वाचून दाखवण्यापेक्षा एवढं सांगा की विषय १२५ रुपयांचा आहे, आणि लिफ्ट वापरली नाही तरी आपल्या हवेत तिची कार्डं आणि दाराचे रोलर गंजतातच, उलट उभी राहिलेली लिफ्ट जास्त लवकर खराब होते. पावसाआधीच्या विजांचा कडकडाट सुरू झाला की वॉचमनला मेन स्विच खाली करायला सांगून ठेवा, माणूस आत नाही हे बघून अर्थात, एक कंट्रोलर कार्ड जळलं की अख्ख्या वर्षाचं एएमसी परवडलं म्हणायची वेळ येते, आणि वीज पडून जळलेलं कार्ड बहुतेक एएमसीत बसत नाही. तुमच्या करारात काय लिहिलंय ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असेल, वाचून ठेवा.

भाड्याने देणाऱ्यांच्या बाबतीत एक इशारा. आत्ता तुमच्या फोटोत एका फ्लॅटला १,२०० च्या वर २०० रुपये 'भाडेकरू चार्ज' लावलेला दिसला. तो चुकीचा आहे. सरकारने २००१ पासून या शुल्काला १० टक्क्यांची मर्यादा घातलीय आणि ती पण पूर्ण बिलाच्या नाही, सेवा शुल्काच्या. पुढच्या बिलापासून बंद करा, जास्त घेतलेले त्याच्या बिलात वजा करून द्या, नाहीतर सगळ्या नोटिशीवरचा विश्वास त्या २०० रुपयांत जाईल.

थकबाकीचं नोटिशीत नको लिहूया, आधीच तापलेत. पण तुमच्या माहितीसाठी, जनरल बॉडी वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज ठरवू शकते, चक्रवाढ लावता येत नाही. वन बीएचकेवाल्याने नव्या दराने एका महिन्याचे २,०२५ तीन महिने उशिरा भरले तर पूर्ण २१ टक्क्यांनीही १०६ रुपये होतात. तुमच्या रजिस्टरमध्ये महिन्याला १०० रुपये दंड असं काहीतरी छापलंय, ते काढून टाका, व्याज मागता येतं, दंड असा मनाला येईल तो लावता येत नाही.

आता मीटिंग कधी. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यायला लागते. तुमचे नऊच्या नऊ चाकरमानी गणपतीला येणार, सप्टेंबरात गणपती असतील त्या वर्षी यापेक्षा चांगला योग नाही. ऑगस्टमध्ये पडले तर हिशोब आणि ऑडिट लवकर आटपून घ्या आणि सभाच ऑगस्टात घ्या, कोणी अडवत नाही. फक्त दिवस नीट निवडा, प्रतिष्ठापनेच्या दिवशी नको, गौरीजेवणाच्या दिवशी नको आणि विसर्जनानंतर तर नकोच, गाडीचं रिझर्व्हेशन असतं, माणसं बॅग भरत असतात. गौरी यायच्या आदल्या दिवशी सकाळी दहा वाजता, आरती झाली की, पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून. चौदा दिवसांच्या नोटिशीबरोबर वरची नोटीस प्रत्येकाला जोडून पाठवा, मुंबईवाल्यांना पोस्टानेही, नुसती ग्रुपवर टाकली आणि दोन तासांत गणपतीच्या फोटोंखाली गाडली गेली असं नको.

आणि खुर्च्यांच्या बाजूला टेबलावर तीन कागद ठेवा, कॉमन मीटरचं शेवटचं बिल, टँकरच्या पावत्यांचा गठ्ठा आणि पश्चिमेच्या भिंतीवरच्या त्या चिरेचा फोटो, जवळून काढलेला, बाजूला पट्टी धरून.